योगायोग: नियतीचा आणि लेखकाच्या सोयीचा

दिवाळी अंकासाठी आलेल्या कथा वाचायचं काम मी करते, आणि त्यातल्या बऱ्याच कथांचं भवितव्य एका जागी ठरतं. कथेत सहसा घडणार नाही असं काहीतरी घडतं. हरवलेला माणूस समोर येतो, जुनं पत्र नेमक्या हातात पडतं, दोन अनोळखी माणसांचा बाप एकच निघतो. त्या क्षणी एकतर अंगावर काटा येतो, नाहीतर लेखकाचा हात दिसतो. घटना दोन्हीकडे सारखीच दुर्मीळ असते, म्हणून फरक तिच्या दुर्मीळपणात शोधून उपयोग नाही.

यावर लेखनाच्या शिबिरांमधून एक नियम सांगितला जातो: योगायोगामुळे पात्र अडचणीत आलं तर वाचक मान्य करतो, योगायोगामुळे सुटलं तर करत नाही. नियम कामाचा आहे, पण पुरेसा नाही. प्रेमकथेचा गुंता सुटेना म्हणून शेवटच्या पानावर नायकाला ट्रकखाली घालणाऱ्या कथा मी दरवर्षी वाचते. तिथे योगायोग पात्राचं नुकसानच करतो, तरी तो आळसच असतो, कारण निर्णय घ्यायची वेळ आली आणि लेखकाने तो ट्रकवर सोपवला. उलट, आपल्या परंपरेतला सर्वांत प्रसिद्ध योगायोग पात्राच्या मदतीला येतो आणि तरीही तो नियतीसारखा वाटतो. तो म्हणजे माशाच्या पोटातली अंगठी.

महाभारताच्या आदिपर्वातल्या शकुंतलेच्या कथेत अंगठी नाही, शापही नाही. दुष्यंताला सगळं आठवत असतं. तो भर सभेत तिला नाकारतो, मग आकाशवाणी होते आणि तो तिला स्वीकारतो. महाकाव्यात ते शोभतं, कारण राजाला प्रजेसमोर पुरावा हवा होता असं तिथे तोच सांगतो. पण नाटकाच्या शेवटी आभाळातून निकाल आला तर पात्रांना करायला काही उरत नाही. कालिदासाने ‘अभिज्ञानशाकुंतल’ रचताना आकाशवाणीची ही कामगिरी काढून घेतली आणि तिच्या जागी मासा आणला. वरवर पाहता त्याने एका अशक्य गोष्टीच्या बदल्यात दुसरी अशक्य गोष्ट घेतली. तरी माशाबद्दल कुणाची तक्रार नसते, आणि त्याची कारणं नाटकात जागोजाग दिसतात.

अंगठी आधीपासून आपल्या नजरेसमोर आहे. राजा ती देतो तेव्हा सांगतो की हिच्यावरच्या माझ्या नावाचं रोज एक अक्षर मोज, अक्षरं संपायच्या आत माझा माणूस तुला न्यायला येईल. चौथ्या अंकात शकुंतला त्याच्याच विचारात हरवते, दाराशी आलेल्या दुर्वासांकडे तिचं लक्ष जात नाही, आणि ते शाप देतात. प्रियंवदेच्या विनवणीने उःशाप मिळतो: ओळखीचा दागिना दिसला की शाप सरेल. मैत्रिणी हे शकुंतलेपासून लपवतात. राजाने ओळखलं नाही तर अंगठी दाखव, एवढंच तिला सांगतात. म्हणजे त्या एका अंगठीला राजाचं वचन, तिचं भान हरपणं आणि मैत्रिणींचं मौन असे माणसांचे तीन धागे बांधलेले आहेत. शचीतीर्थाच्या पाण्यात ती बोटातून निसटली हे राजासमोर उघड होतं, तेव्हा त्याचा अर्थ आपल्याला कळतो आणि तिला कळत नाही.

मग सहाव्या अंकाच्या सुरुवातीला शिपायांनी धरून आणलेला, मार खाणारा कोळी येतो. रोहू कापताना सापडलेली अंगठी तो विकायला निघाला होता. अंगठी राजाकडे पोहोचते, राजाला सगळं आठवतं, कोळ्याला बक्षीस मिळतं. आळशी लेखकाने इथेच पुनर्भेट घडवली असती. कालिदासाची अंगठी उशिरा येते, शकुंतला निघून गेल्यावर येते. ती राजाला फक्त आठवण देते, आणि त्या आठवणीने त्याचं जगणं अवघड होतं. तो वसंतोत्सव बंद करतो, तिचं चित्र काढत बसतो, अक्षरं मोजण्याचं आपलंच बोलणं विदूषकाला सांगून तळमळतो. समुद्रात बुडालेल्या एका निपुत्रिक व्यापाऱ्याच्या संपत्तीचा प्रश्न समोर येतो तेव्हा त्याला आपलं निपुत्रिकपण टोचतं. मदतीला आलेला योगायोग त्याच्याकडून अख्ख्या अंकाची किंमत वसूल करतो.

यातून मला जो फरक दिसतो तो असा: सोयीचा योगायोग लेखकाची अडचण सोडवतो, तर नियतीचा योगायोग पात्राने आधी केलेल्या एखाद्या गोष्टीला उत्तर देतो. हे फार जुनं निरीक्षण आहे. ॲरिस्टॉटलने आर्गोसमधल्या मितिसच्या पुतळ्याचं उदाहरण दिलं आहे. मितिसचा खुनी तो पुतळा पाहत असताना पुतळा त्याच्याच अंगावर कोसळला. दुसऱ्या कुणावर पडला असता तर तो नुसता अपघात ठरला असता.

आता एक कल्पित गोष्ट मुंबईत घडवून पाहू. महादेव आणि विठ्ठल लालबागच्या एकाच चाळीत राहणारे आणि एकाच गिरणीत साच्यावर काम करणारे. 18 जानेवारी 1982 ला संप सुरू होतो. काही महिन्यांनी खायचे वांधे होतात तेव्हा महादेव बायकोमुलीला घेऊन साताऱ्याकडच्या गावी जातो, आणि जाताना खोलीची किल्ली आणि भाडेपावत्या विठ्ठलकडे ठेवतो. संप मिटत नाही, महादेव परतत नाही, आणि विठ्ठल घरमालकाशी संगनमत करून खोली आपल्या नावावर करून घेतो. पुढे दोघंही वारतात. म्हाडाच्या गिरणी कामगारांच्या सोडतीत दोघांचे वारस अर्ज करतात. महादेवची मुलगी वासंती आणि विठ्ठलचा मुलगा सुधीर यांना एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर घरं लागतात.

हाच योगायोग दोन तऱ्हांनी वापरता येतो. पहिल्या तऱ्हेत कथा वासंतीच्या शोधाची आहे. ती मुंबईत येऊन वडिलांच्या खोलीचं काय झालं ते विचारत फिरते. चाळ पडून तिथे टॉवर उभा आहे, शेजारी विरार-बदलापूरला पांगले आहेत, युनियनच्या जुन्या माणसांना नाव आठवत नाही. पंधरा पानं अशी गेल्यावर सोडतीतल्या घराचा ताबा घ्यायला ती वर जाते आणि समोरच्या दारावर विठ्ठलचं नाव. सुधीर रडतो, माफी मागतो, कथा संपते. इथे पंधरा पानांची वणवण फुकट गेली. तिने घर सोडून कुठे शोधलं नसतं तरी शेवट हाच झाला असता, आणि वाचकाला हे लगेच जाणवतं.

दुसऱ्या तऱ्हेत सोडत पहिल्याच पानावर लागते. ताबा मिळायच्या दिवशी तळमजल्यावर लावलेल्या यादीत सुधीर वासंतीचं पूर्ण नाव वाचतो आणि त्याच्या पोटात गोळा येतो, कारण शेवटच्या आजारपणात वडिलांनी त्याला सगळं सांगितलेलं आहे. वासंतीला विठ्ठलचं नाव ऐकूनही माहीत नाही, महादेवने गावी परतल्यावर मुंबईचा विषयच बंद केला होता. आता सुधीर काय करतो? तो तिला नको इतकी मदत करतो. तिचं गॅसचं कनेक्शन, मीटरचा अर्ज, पाण्याची तक्रार, सगळं तो अंगावर घेतो. तिला वाटतं शेजार चांगला मिळाला. आणि गणपतीला गावी निघताना ती त्याचं दार वाजवते, “सुधीरभाऊ, तेवढी माझी किल्ली ठेवा हो तुमच्याकडे. टाकी कधी भरून वाहिली तर बघाल ना?”

त्या वाक्याशी वाचक थबकतो. सोडतीने दोन घरं समोरासमोर आणली तेव्हा ती नुसती चिठ्ठी होती. किल्ली पुढे आली आणि तीस वर्षांपूर्वीचा प्रसंग पुन्हा उभा राहिला, फक्त आता किल्ली घेणाऱ्याला सगळं माहीत आहे. शिवाय ही किल्ली कुणा दैवाने दिलेली नाही. सुधीर अपराधी भावनेने चांगला वागत गेला, म्हणून तिचा विश्वास बसला. वडिलांच्या कर्मापासून दूर पळण्याची त्याची धडपडच त्याला तिथे घेऊन आली.

कथा परत पाठवली की अनेक लेखक योगायोग पटण्याजोगा करून आणतात. ही दुरुस्ती वेगळी आहे आणि एकटी पुरत नाही. मुंबईत ती तशी सोपी असते. लोकलमध्ये दोन माणसं परत परत भेटली तर बाहेरच्या माणसाला नवल वाटेल, पण रोजची ठरलेली गाडी आणि ठरलेला डबा धरणाऱ्यांना वाटणार नाही. सोडतीच्या गोष्टीतही एकाच गिरणीच्या वारसांनी एकाच योजनेत अर्ज करणं स्वाभाविक आहे. पण शक्यता वाढवल्याने वाचकाची शंका तेवढी मिटते, काटा येत नाही. पहिल्या तऱ्हेत वाटेल तेवढी कारणं पेरली तरी सुधीरचं रडणं वासंतीच्या शोधाला जोडलं जाणार नाही. आणि पात्राच्या तोंडी “हा तर नियतीचा खेळ” असं वाक्य घालण्याने तर नुकसानच होतं. दुष्यंत माशावर चकित होत बसत नाही, तो स्वतःवर संतापतो.

फार्समध्ये हे सगळं लागू नाही. तिथे चुकीचा माणूस चुकीच्या दारातून चुकीच्या वेळी येणं हाच प्रेक्षकाशी झालेला करार असतो, आणि तिसऱ्या अंकापर्यंत योगायोग वाढतच जावे लागतात. वर सांगितलेलं गंभीर कथेपुरतं आहे.

अशा कथेत एक मोठा योगायोग पेलतो, दुसरा सहसा पेलत नाही. वासंती गावाहून परतते त्या दिवशी लालबागच्या चाळीतली एखादी म्हातारी इमारतीत पाहुणी म्हणून यावी आणि तिने सहज बोलता बोलता सगळं फोडावं, असा मोह लेखकाला होईल. प्रसंग रंगेलही. पण त्याने सुधीरच्या हातातली किल्ली निरर्थक होईल. दार उघडून ती परत देताना काय बोलायचं, की काहीच न बोलता ती वासंतीच्या हातात ठेवायची, हे त्याचं त्यालाच ठरवू द्यायला हवं.