नोकरीच्या अर्जातील लोंबकळते वाक्यारंभ

वाक्याच्या सुरुवातीच्या पदबंधाचा कर्ता मुख्य वाक्यात सापडत नाही, किंवा भलताच सापडतो, तेव्हा त्या पदबंधाला लोंबकळता म्हणतात. इंग्रजी व्याकरणात याला ‘डँगलिंग मॉडिफायर’ असे नाव आहे. नोकरीच्या अर्जात हा दोष वारंवार दिसतो, कारण प्रत्येक वाक्य ‘मी’ने सुरू करणे अर्जदाराला अवघड वाटते. म्हणून तो आधी स्वतःची पात्रता सांगतो आणि मग एकदम समोरच्या संस्थेकडे वळतो. या वळणावर ‘मी’ गळून पडतो.

उदाहरणार्थ: ‘वाणिज्य शाखेची पदवी घेऊन आणि पाच वर्षे हिशेब सांभाळून आपली संस्था माझ्या कौशल्याला वाव देईल.’ मराठीत ‘-ऊन’ लावलेल्या क्रियेचा कर्ता साधारणपणे मुख्य क्रियापदाचाच असतो. इथे ‘देईल’चा कर्ता संस्था आहे, त्यामुळे पदवीही तिनेच घेतली असे वाक्य सांगते. ‘पदवी कोणी घेतली?’ आणि ‘वाव कोण देईल?’ हे दोन प्रश्न विचारले की उत्तरे जुळत नाहीत, आणि चूक उघडी पडते. दुरुस्ती अशी: ‘वाणिज्य शाखेची पदवी घेऊन मी पाच वर्षे हिशेब सांभाळले आहेत. आपल्या संस्थेत या अनुभवाला वाव मिळेल असे वाटते.’ नुसता ‘माझा’ घुसवून काम भागत नाही. ‘पदवी घेऊन माझा अनुभव पाच वर्षांचा झाला’ म्हटले तर पदवी अनुभवाने घेतली, असा अर्थ होतो.

‘म्हणून’चा सापळा बहुधा इंग्रजी नमुना उतरवताना लागतो. ‘अनुभवी लेखापाल म्हणून आपली कंपनी मला आकर्षित करते’ या वाक्यात लेखापाल कंपनीच ठरते.

‘-ताना’ला मात्र वेगळा कर्ता चालतो, म्हणून तिथे चुकीपेक्षा संदिग्धता अधिक. ‘आधीच्या नोकरीत काम करताना व्यवस्थापकांनी माझी शिफारस केली’ यात काम नक्की कोण करत होते? ‘मी काम करत असताना’ लिहिले की शंका मिटते.

नियम सरसकट लावू नये. ‘जाहिरात वाचून मला आनंद झाला’ हे वाक्य निर्दोष आहे, कारण वाचणारा आणि आनंद झालेला माणूस एकच. त्याला प्रथमा विभक्ती नाही, इतकेच. ‘जाहिरातीला अनुसरून हा अर्ज सादर केला आहे’ यातही अनुसरणारा शोधत बसण्यात अर्थ नाही. ‘अनुसरून’ हा शब्द आता शब्दयोगी अव्ययासारखाच वापरला जातो.

कर्मणी रचनेत व्याकरण बहुधा सांभाळले जाते, पण अर्जदाराचे नुकसान होते. ‘जुन्या नोंदी तपासून थकबाकी वसूल करण्यात आली’ असे लिहिले तर वसुली त्याने केली की विभागातल्या आणखी कोणी, हे वाचणाऱ्याला कळत नाही. अर्ज ज्या कामगिरीसाठी लिहिला, तिचेच श्रेय इथे बेवारस राहते. अशा जागी संकोच सोडून ‘मी’ लिहिलेला बरा.