सावलीवरून पृथ्वीचा परिघ मोजणे

एकाच दक्षिणोत्तर रेषेवरच्या दोन गावी, एकाच दिवशी, माध्यान्हीची सावली मोजून पृथ्वीचा परिघ काढण्याची जुनी रीत. सपाट जमिनीवर सरळ उभ्या केलेल्या काठीला भारतीय ज्योतिषात शंकू म्हणतात. शंकूची उंची आणि सावलीची लांबी यांवरून सूर्य डोक्यावरून किती अंश ढळला आहे ते कळते. सूर्य इतका दूर आहे की त्याचे किरण दोन्ही गावी जवळजवळ समांतरच येतात. म्हणून दोन्हीकडच्या कोनांत जो फरक पडतो तो पृथ्वीच्या गोलाईमुळे. हा फरक ३६० अंशांचा जितकावा हिस्सा, दोन गावांमधले अंतर परिघाचा तितकावा हिस्सा.

या रीतीचे सर्वांत जुने तपशीलवार वर्णन इ. स. पू. तिसऱ्या शतकातल्या एरॅटोस्थेनीस या ग्रीक विद्वानाच्या नावावर आहे. त्याचा मूळ ग्रंथ हरवला असून गणिताची हकीकत मुख्यतः क्लिओमेडीझ या बऱ्याच नंतरच्या लेखकाकडून मिळते. उत्तरायणाच्या शेवटच्या दिवशी दक्षिण इजिप्तमधल्या सायीनी (आजचे आस्वान) येथे माध्यान्ही सावली पडत नाही, त्याच वेळी अलेक्झांड्रियात ती वर्तुळाच्या पन्नासाव्या भागाएवढी, म्हणजे ७.२ अंशांची पडते. स्टेडियम हे ग्रीकांचे लांबीचे माप. अंतर ५,००० स्टेडियम धरले की परिघ २,५०,००० स्टेडियम येतो. नंतरच्या लेखकांकडे हाच आकडा २,५२,००० आहे. दर अंशाला बरोबर ७०० स्टेडियम यावेत म्हणून तो वाढवला असावा. शाळेत सांगितली जाणारी तळापर्यंत ऊन पोहोचणारी विहीर क्लिओमेडीझच्या वर्णनात नाही, ती प्लिनी या रोमन लेखकाकडे येते.

खरा वाद स्टेडियमच्या लांबीचा आहे. ते १५७.५ मीटर मानले तर २,५२,००० स्टेडियमचा परिघ सुमारे ३९,७०० किमी येतो, आजच्या मापाच्या अगदी जवळ. प्रचलित ग्रीक स्टेडियम सुमारे १८५ मीटरचे होते असे मानणाऱ्यांच्या हिशेबाने तो ४६,६०० किमीपर्यंत जातो. पहिले मत लोकप्रिय असले तरी जपूनच स्वीकारावे, कारण ५,००० हे अंतरच ढोबळ दिसते. शिवाय सायीनी कर्कवृत्ताच्या थोडे उत्तरेला आहे आणि अलेक्झांड्रिया तिच्या सुमारे तीन अंश पश्चिमेला. या चुकांनी काही अंशी एकमेकींना सावरून घेतले. थोरवी पद्धतीची आहे, आकड्याच्या अचूकपणाची नाही.

भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणीत (११५०) हेच त्रैराशिक गोलाध्यायात मांडले आहे: दक्षिणोत्तर असलेल्या दोन नगरांच्या अक्षांशांतल्या फरकाला त्यांच्यामधले अंतर, तर ३६० अंशांना किती? त्यांचा परिघ ४,९६७ योजने. योजनाच्या लांबीबाबतही स्टेडियमसारखीच अनिश्चितता आहे.

विदर्भात या रीतीला सोयीची जोडी म्हणजे नागपूर जिल्ह्यातले काटोल (अक्षांश सुमारे २१.२७) आणि यवतमाळ जिल्ह्यातले पांढरकवडा (सुमारे २०.०२). दोन्ही ७८.५ रेखांशाच्या आसपास असल्याने जवळजवळ एकाखाली एक येतात आणि त्यांचा मध्यान्ह काही सेकंदांच्या फरकाने होतो. सरळ अंतर सुमारे १३८ किमी. रस्त्याचे किलोमीटर इथे कामाचे नाहीत, ते वळणांसकट असतात.

अक्षांशांवरून हिशेब केला तर २२ डिसेंबरला १०० सेंमीच्या शंकूची सावली पांढरकवड्याला ९४.८ सेंमी आणि काटोलला ९९.० सेंमी पडायला हवी. सावली भागिले उंची ही कोनाची स्पर्शज्या. कोष्टकातून पहिला कोन ४३.४७ अंश येतो, दुसरा ४४.७१. फरक १.२४ अंश.

परिघ = १३८ × ३६० ÷ १.२४ = सुमारे ४०,०६५ किमी

ध्रुवांवरून जाणारा परिघ आज ४०,००८ किमी मानला जातो. कागदावरचे हे उत्तर सुरेख आहे, पण शेतात ते सहज हाती लागत नाही. दोन सावल्यांत फरकच जेमतेम ४.२ सेंमी आहे. काटोलची सावली एकच मिलिमीटर जास्त वाचली तरी परिघ सुमारे साडेनऊशे किलोमीटरने कमी येतो. शंकू एक अंश दक्षिणेकडे किंवा उत्तरेकडे कलला तर कोनात सुमारे अर्ध्या अंशाची चूक शिरते आणि मोजणी वाया जाते. म्हणून तुराटी किंवा पऱ्हाटी उपयोगाची नाही. सरळ लोखंडी सळई हवी, ती गवंड्याच्या ओळंब्याने दोन बाजूंनी तपासलेली. जमीन सारवलेल्या खळ्याची असली तरी पाणी भरलेल्या पारदर्शक नळीने तिची पातळी पाहावी, कारण डोळ्याला सपाट दिसणारे खळेही पावसाचे पाणी वाहून जाण्यासाठी एका अंगाला उतरते असते.

सावलीची कड पुसट असते हा याहून मोठा अडथळा. सूर्य बिंदू नाही, त्याची तबकडी सुमारे अर्धा अंश रुंद आहे. त्यामुळे वरील शंकूच्या सावलीचे टोक जवळजवळ दोन सेंटिमीटरभर फिकट होत जाते. त्यातली नेमकी कोणती रेघ धरायची यावर दोन माणसांचे एकमत होत नाही. उपाय सोपा आहे: शंकूच्या माथ्यावर बारीक भोक पाडलेला पत्रा बसवायचा. जमिनीवर उजेडाचा लांबट ठिपका पडतो, त्याचा मध्य म्हणजे सूर्यबिंबाचा मध्य. मग उंची भोकापर्यंत मोजायची.

मध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. या भागात २२ डिसेंबरला तो भारतीय प्रमाणवेळेनुसार १२ वाजून १४ मिनिटांच्या सुमारास येतो. अकरा पन्नासपासून दर दोन मिनिटांनी टोकाशी खूण करत गेले की सर्वांत आखूड सावली आपोआप सापडते.

दोनच सावल्यांवरून पृथ्वी गोल आहे हे मात्र सिद्ध होत नाही. जमीन सपाट आणि सूर्य जवळ मानला तरी सावल्या वेगळ्या पडतातच. डिसेंबरच्या आकड्यांवरून असा सपाट हिशेब केला तर सूर्याची उंची सुमारे ३,३०० किमी येते. २० मेच्या सुमारास पांढरकवड्याला सूर्य थेट माथ्यावर येतो. त्या माध्यान्ही काटोलची सावली साधारण २.२ सेंमी असते आणि तोच हिशेब ६,३०० किमी सांगतो. कोनांतला फरक मात्र दोन्ही ऋतूंत सव्वा अंशाच्या जवळच राहतो. सूर्य ऋतूप्रमाणे वरखाली होतो असे कोणी म्हटलेच, तर त्याच रेषेवरचे तिसरे, बरेच दूरचे ठिकाण घ्यावे लागते.

अंतर मोठे घेतले की कोनातली तीच चूक तुलनेने लहान होते. विल्यम लॅम्बटनने १८०२ मध्ये मद्रासजवळ पायारेषा मोजून आरंभलेल्या भारतीय सर्वेक्षणाने हेच केले. ७८ रेखांशाच्या आसपास त्रिकोणांची साखळी उत्तरेकडे नेत अंतर काढले, आणि सावलीऐवजी माथ्यावरून जाणाऱ्या ताऱ्यांचे कोन घेतले, कारण ताऱ्याला पुसट कड नसते. नागपूरकडे जाताना जानेवारी १८२३ मध्ये लॅम्बटनचा मृत्यू हिंगणघाट येथे झाला. काटोल आणि पांढरकवडा यांच्या अक्षांशांमध्येच असलेल्या या गावी त्याची कबर आहे.