स्ट्रिंगआधीची लांबी: अक्षरं नव्हे, बाइट मोजा

आमच्या संदेश-रचनेत प्रत्येक स्ट्रिंगच्या आधी तिची लांबी येते, हे तुम्हाला माहीत आहेच. तरीही सपोर्टला येणाऱ्या तक्रारींपैकी सगळ्यात जास्त वेळ खाणारी तक्रार एकच असते: "इंग्रजी मजकूर जातो, मराठी गेला की कनेक्शन तुटतं." बहुतेक वेळा दोष एका ओळीत असतो, आणि ती ओळ दिसायला अगदी निरागस असते.

लांबीचा आकडा लिहायची पद्धत थोडक्यात अशी. आकड्याचे सात-सात बिटांचे तुकडे करायचे आणि सर्वांत उजवीकडचा तुकडा आधी लिहायचा. पुढे आणखी तुकडा असेल तर त्या बाइटचा वरचा बिट १ ठेवायचा, नसेल तर ०. म्हणून १२७ पर्यंतची लांबी एका बाइटात मावते आणि ३०० लिहायला `AC 02` असे दोन बाइट लागतात.

आता चूक पाहा. `तापमान` या शब्दात वाचणाऱ्याला चार अक्षरं दिसतात. पायथनचं `len` काने वेगळे मोजून ६ सांगतं. पण यूटीएफ-८ मध्ये यातल्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात, म्हणजे वायरवर १८ बाइट जातात. लांबी हवी `12` (हेक्समध्ये), आणि अनेकांचा प्रोग्राम लिहितो `06`.

मग आमचा रीडर सांगितल्याप्रमाणे सहाच बाइट घेतो. त्याच्या हाती फक्त 'ता' येतो. पुढचे बाइट `E0 A4 AA E0 A4` असे असतात, आणि रीडर त्यांना पुढच्या फील्डची लांबी समजतो. देवनागरीच्या प्रत्येक बाइटचा वरचा बिट १ असतो, त्यामुळे त्याला वाटत राहतं की आकडा अजून चालूच आहे. पाच बाइटांनंतरही आकडा संपला नाही की तो एरर देऊन कनेक्शन बंद करतो. एररमध्ये नाव येतं ते पुढच्या फील्डचं, आणि लोक तासन् तास त्या बिचाऱ्या फील्डमध्ये दोष शोधत बसतात. दोष एक फील्ड मागे असतो.

याहून फसवा प्रकार `25°C` चा. चिन्हं चार, पण अंशाच्या खुणेला दोन बाइट लागत असल्यामुळे बाइट पाच. लांबी ४ लिहिली तर उरलेला `C`, म्हणजे `43`, पुढच्या फील्डची लांबी ठरतो. हेक्स ४३ म्हणजे ६७, आणि रीडर शांतपणे ६७ बाइटांची वाट बघत बसतो. एररही नाही, उत्तरही नाही. "तुमचा सर्व्हर हँग होतो" असा फोन आला की आम्ही आधी हेच तपासतो.

उपाय सोपा आहे. आधी मजकुराचे बाइट करा, मग त्या बाइटांची संख्या घ्या:

```
def write_string(out, s):
    data = s.encode("utf-8")
    n = len(data)
    while n > 127:
        out.append((n & 127) | 128)
        n >>= 7
    out.append(n)
    out.extend(data)
```

इथे `out` हा `bytearray` आहे. जावा किंवा जावास्क्रिप्टमध्येही स्ट्रिंगची स्वतःची लांबी वापरू नका. ती यूटीएफ-१६ ची एककं मोजते, बाइट नव्हे. आणि लांबीसाठी एकच बाइट मोकळा सोडून नंतर आकडा भरायची युक्ती टाळा: ४२ देवनागरी चिन्हांचे १२६ बाइट त्यात बसतात, ४३ चे १२९ होतात आणि त्यांना `81 01` असे दोन बाइट लागतात. चाचणीत छोटे शब्द असले की ही चूक कित्येक दिवस लपून राहते.

"रीडरने थोडं समजून घ्यावं," असं काही ग्राहक म्हणतात. आम्ही तसं केलेलं नाही आणि करणारही नाही. लांबी चुकली की पुढचं फील्ड कुठे सुरू होतं हे कळायला दुसरी खूण नसते, आणि अंदाज चुकला तर चुकीचं रीडिंग बरोबर म्हणून साठवलं जाईल. त्यापेक्षा कनेक्शन तुटलेलं परवडतं. लांबीला ठरावीक चार बाइट का नाहीत, हाही नेहमीचा प्रश्न. आमच्या संदेशांत छोट्या स्ट्रिंगच जास्त असतात आणि चार बाइट दिले तरी अक्षरं मोजण्याची चूक तशीच राहिली असती.

आमची तयार लायब्ररी वापरत असाल तर यातलं काहीच तुम्हाला लिहावं लागत नाही. ती परवान्यासोबतच मिळते. स्वतःचा कोड लिहायचा असेल तर तिच्यासोबत येणारे चाचणी-संदेश तरी चालवून पाहा. त्यांत `तापमान`, `25°C` आणि बरोबर १२७ व १२८ बाइटांच्या स्ट्रिंग मुद्दाम ठेवल्या आहेत. तरीही अडलं तर एररचा स्क्रीनशॉट नको. बिघडलेल्या संदेशाचा हेक्स डंप आणि त्याचा मूळ मजकूर पाठवा. बाकीचं आम्ही बघतो.