पहिल्या पंधरा सेकंदांतली माहितीची फट

पॉडकास्टचे शीर्षकसंगीत वाजण्याआधी ऐकू येणाऱ्या छोट्या तुकड्याला कोल्ड ओपन म्हणतात. मिनिटाला साधारण १३० शब्द अशा स्वच्छ, सावकाश वेगाने बोलले, तर पंधरा सेकंदांत जेमतेम ३२ शब्द बसतात. ‘नमस्कार, आमच्या पॉडकास्टमध्ये आपले मनःपूर्वक स्वागत’ एवढ्यातच त्यांतले सहा खर्ची पडतात आणि श्रोत्याच्या हाती काहीच लागत नाही. वाचकाला निदान परिच्छेदावरून नजर फिरवून पुढे काय आहे याचा अंदाज घेता येतो. श्रोत्याला ती सोय नसते, त्यामुळे तो थांबतो किंवा निघून जातो.

तो का थांबतो, याचे एक चांगले उत्तर अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ जॉर्ज लोवेनस्टाइन यांनी १९९४ मध्ये मांडले. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक असावेसे वाटते, त्यांच्यामधली फट लक्षात आली की कुतूहल जागे होते, असे त्यांचे म्हणणे होते. यातले ‘लक्षात आली’ हे महत्त्वाचे, कारण ज्या विषयाची काहीच ओळख नाही, तिथली फट दिसतच नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सहभागींना सामान्यज्ञानाचे प्रश्न विचारले होते. उत्तर पक्के माहीत असल्याची खात्री असलेल्यांना, तसेच उत्तराचा गंधही नसलेल्यांना कुतूहल कमी वाटले. सर्वाधिक वाटले ते अर्धवट खात्री असलेल्यांना. लेखकासाठी याचा अर्थ असा, की त्या ३२ शब्दांतल्या जवळजवळ सगळ्या गोष्टी ओळखीच्या हव्यात आणि एकच गोष्ट अज्ञात हवी.

एक खरी घटना घेऊ. पोटातल्या अल्सरला ताण आणि आम्लच जबाबदार आहे, असे सर्वत्र मानले जात असताना ऑस्ट्रेलियातील डॉक्टर बॅरी मार्शल यांनी १९८४ मध्ये हेलिकोबॅक्टर पायलोरी या जीवाणूंचे द्रावण स्वतः प्यायले. काही दिवसांत त्यांच्या जठराला सूज आली. पुढे २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल पारितोषिक मिळाले.

यावर भाग करायचा म्हटल्यावर पहिला मसुदा बहुधा असा उतरतो: ‘अल्सर ताणामुळे नव्हे, तर जीवाणूंमुळे होतो, हे एका डॉक्टरने स्वतः जीवाणू पिऊन कसे सिद्ध केले, ते आज ऐकू या.’ वाक्य नीटस आहे, पण त्याने उत्तर आधीच देऊन टाकले. ‘कसे’ एवढे उरते, आणि तेही अर्धे सांगून झालेले आहे. आता हा मसुदा पाहा:

‘या पेल्यात कोट्यवधी जिवंत जीवाणू आहेत. एक तरुण डॉक्टर तो एका दमात रिकामा करतो. त्याची प्रकृती ठणठणीत आहे. त्याला आजारी पडायचं आहे. कारण त्याच्या म्हणण्यावर बहुतेक पोटविकारतज्ज्ञ विश्वास ठेवायला तयार नाहीत.’

हे ३१ शब्द आहेत. पेला, डॉक्टर, जीवाणू, आजारपण या सगळ्या गोष्टी श्रोत्याला परिचित आहेत. त्याचे म्हणणे काय, एवढेच गुलदस्त्यात राहते. मार्शल यांचे नाव, साल आणि जीवाणूचे लांबलचक नाव मुद्दाम वगळले आहे, कारण अनोळखी नाव कानावर पडले की ते धरून ठेवण्यातच श्रोत्याचे लक्ष गुंतते आणि पुढचे वाक्य निसटते. वाक्येही आखूड आहेत. मराठीत क्रियापद शेवटी येत असल्याने लांब वाक्याचा अर्थ उलगडेपर्यंत श्रोत्याला सगळे शब्द मनात सांभाळावे लागतात. छापील मजकुरात हे खपून जाते, कानाला मात्र जड जाते.

मसुदा जमला की नाही, हे लिहिणाऱ्याला एकट्याने कळणे अवघड असते, कारण त्याला उत्तर ठाऊक असते आणि फट त्याच्यापुरती बुजलेली असते. म्हणून विषय न सांगता तो कुणाला तरी मोठ्याने वाचून दाखवावा, पंधराव्या सेकंदाला थांबावे आणि ‘आता तुम्हाला काय विचारावेसे वाटते?’ एवढेच विचारावे. ‘हा भाग जीवाणूंवर आहे ना?’ असे उत्तर आले, तर श्रोत्याला विषय कळला, प्रश्न पडला नाही. ‘तो असं काय म्हणत होता?’ असे आले, तर काम झाले. दोघांनी दोन भलतेच प्रश्न विचारले, तर मसुद्यात दोन फटी आहेत आणि त्यांतली एक काढून टाकावी लागेल. प्रसारणानंतर होस्टिंग सेवा श्रोते कुठे गळाले याचा आलेख दाखवते, पण सुरुवातीच्या सेकंदांतला उतार वाचताना जपून राहावे: चुकून बटण दाबलेले आणि शीर्षकसंगीत टाळून पुढे गेलेले लोकही त्यात मिसळलेले असू शकतात.

शीर्षकसंगीत संपल्यावर पहिल्या दोन-तीन वाक्यांत त्या डॉक्टरकडे परतायला हवे. पाहुण्यांचा परिचय आणि प्रायोजकांचे आभार आधी घेतले, तर पंधरा सेकंदांत उघडलेला प्रश्न श्रोत्याच्या मनातून तोवर निघून गेलेला असतो. त्याच्या म्हणण्याचा उलगडा मात्र लगेच करू नये. आधी अल्सरचा रुग्ण त्या काळी कोणत्या उपचारांतून जात होता, ते सांगावे.