सुंगकालीन व्यापारी अर्थव्यवस्था

चीनमधील सुंग घराण्याच्या राजवटीत (९६०–१२७९) कागदी चलन, कोळशावर चालणारा लोखंड-उद्योग आणि होकायंत्राच्या आधाराने होणारी सागरी वाहतूक यांतून उभी राहिलेली बाजारकेंद्री अर्थव्यवस्था. तिच्यातील कागदी चलन जन्माला आले ते नाण्यांच्या वजनामुळे.

पश्चिमेकडील सिचुआन प्रांतात तांब्याच्या नाण्यांऐवजी लोखंडाची नाणी चालत. मोठ्या लोखंडी नाण्यांच्या एका माळेचे, म्हणजे हजार नाण्यांचे, वजन १२ जीन, आजच्या मापाने सुमारे साडेसात किलो, भरे. पाच माळांचा व्यवहार करायचा तर जवळजवळ ३८ किलो लोखंड वाहून न्यावे लागे. म्हणून छंगतू शहरात व्यापारी आपली नाणी सावकारी पेढीवर ठेवून तिची पावती घेऊ लागले आणि पुढे ती पावतीच हातोहात फिरू लागली. तिला ‘ज्याओत्झ’ म्हणत. ती पावती ज्याच्या हाती असेल त्याला नाणी मिळत, आणि या गुणामुळेच तिचे चलन होऊ शकले. अकराव्या शतकाच्या आरंभी अशा पावत्या काढण्याचा अधिकार १६ धनिक घराण्यांकडे होता. ठेवीची रक्कम जमीनजुमल्यात व इतर धंद्यांत गुंतवल्यामुळे काही पेढ्यांना मागणी होताच नाणी देता येईनात आणि दावे-फिर्यादी वाढल्या. अखेर १०२३ मध्ये सरकारने हे काम आपल्या हाती घेतले.

सरकारी व्यवस्था विचारपूर्वक आखलेली होती. एका खेपेत १२,५६,३४० माळांच्या नोटा काढायच्या आणि त्यांच्यामागे ३,६०,००० माळांची, म्हणजे शेकडा २८ हून थोडी अधिक, लोखंडी नाणी गंगाजळी म्हणून ठेवायची, असे ठरले. नोटांची मुदत चिनी गणनेने तीन वर्षांची असे. मुदत भरली की दर माळेमागे ३० नाणी कापून नवी नोट मिळे. मुदतीमुळे जुना, फाटका आणि बनावट कागद आपोआप बाजारातून निघून जाई. गंगाजळी आणि खेपेची मर्यादा या दोन अटी पाळल्या गेल्या तोवर नोटेची पत टिकून होती. पश्चिम शिया राज्याशी होणाऱ्या लढायांमध्ये सीमेवरील फौजेला धान्य पुरवणाऱ्या व्यापाऱ्यांचे देणे या नोटांनी भागवले जाऊ लागले, तेव्हा त्या अटी ढिल्या झाल्या. १०७२ पासून दोन खेपा एकाच वेळी चलनात राहू लागल्या. ११०७ मध्ये तर एका नव्या नोटेसाठी चार जुन्या नोटा द्याव्या लागल्या.

लोखंडाची मागणी शस्त्रे, नांगराचे फाळ, मीठ आटवण्याच्या कढया, जहाजांचे खिळे आणि नाणी अशी चहूकडून होती. उत्तर चीनमध्ये जंगले विरळ झाल्याने लोणारी कोळसा महागला आणि भट्ट्यांना दगडी कोळशाकडे वळावे लागले. श्युचौचा अधिकारी व कवी सू शी याने आपल्या अहवालात जवळच्या लिक्वो येथील ३६ लोहभट्ट्यांचे वर्णन केले असून प्रत्येकीवर शंभराहून अधिक माणसे राबत असल्याचे म्हटले आहे. १०७८ च्या अखेरीस त्याने पाठवलेल्या माणसांना शहराच्या नैर्ऋत्येस दगडी कोळसा सापडला. इतिहासकार रॉबर्ट हार्टवेल यांनी करनोंदींवरून त्या वर्षीचे देशाचे लोखंड-उत्पादन सुमारे सव्वा लाख टन मानले. करनोंदींतून प्रत्यक्ष उत्पादनाचा हिशेब करण्याच्या या पद्धतीवर आक्षेप आहेत. तरी भट्ट्यांच्या आकारावरून हा उद्योग घरगुती राहिला नव्हता, हे निश्चित.

उत्तरेत लियाव आणि पश्चिम शिया यांच्या राज्यांमुळे खुष्कीचे मार्ग अडले, तसा व्यापार दक्षिणेच्या बंदरांकडे वळला. क्वांगचौला ९७१ मध्ये आणि छ्वानचौला १०८७ मध्ये सागरी जकातीची कचेरी उघडली गेली. १०८८ च्या सुमारास शन क्वो या विद्वानाने सुई चुंबकदगडावर घासून, मेणाच्या थेंबाने रेशमी धाग्याला टांगण्याची रीत लिहून ठेवली आणि ती सुई नेमकी दक्षिणेकडे न वळता किंचित पूर्वेकडे कलते, हेही नोंदवले. खलाशांच्या वापराची नोंद चू यू याच्या १११९ च्या ग्रंथात येते: रात्री तारे, दिवसा सूर्य आणि आभाळ भरून आले असता सुई. म्हणजे सुई हा जुन्या जाणतेपणाला मिळालेला आधार होता; तो जाणतेपणा तिच्यामुळे अडगळीत पडला नाही.

याच जहाजांतून चिनी मालाबरोबर तांब्याची नाणीही बाहेर जाऊ लागली आणि सरकारी बंदी असूनही हा ओघ थांबला नाही. ११२७ मध्ये उत्तर चीन व तेथील लोखंड जुर्चेन लोकांच्या हाती गेले. दक्षिणेत लिनआन येथे राजधानी नेलेल्या आणि नाण्यांचा तुटवडा असलेल्या सुंग दरबाराने ११६० मध्ये ‘हुइत्झ’ नावाच्या नोटा आपल्या अखत्यारीत घेतल्या. पुढे मंगोलांशी युद्ध चालू असताना नोटांची छपाई बेसुमार वाढून त्यांची किंमत घसरत गेली, आणि १२६४ मध्ये मंत्री ज्या सताव याने ‘क्वानत्झ’ या नव्या नोटा काढल्यावरही महागाई आवरली नाही. १२७६ मध्ये लिनआन मंगोलांच्या ताब्यात गेले.