थॅलेसेमियातील लोहसंचयी हृत्स्नायुविकार

थॅलेसेमियाच्या रुग्णाला वारंवार रक्त चढवल्यामुळे हृदयाच्या स्नायूत लोह साठून होणारा विकार. रक्ताच्या एका पिशवीतून शरीरात सुमारे २०० ते २५० मिलिग्रॅम लोह येते, मात्र रोज जेमतेम एक ते दोन मिलिग्रॅम बाहेर पडते. ट्रान्सफेरिन हे वाहक प्रथिन पूर्ण भरले, की उरलेले मोकळे लोह हृत्पेशींत शिरते. ते कोणत्या वाटेने शिरते, याबद्दल मतभेद आहेत. पेशीच्या आवरणातील एल-प्रकारच्या कॅल्शियम मार्गिकांना बहुतेक अभ्यासक पसंती देतात, तरी टी-प्रकारच्या मार्गिका आणि इतर धातुवाहक प्रथिने यांच्या बाजूनेही प्रायोगिक पुरावा आहे.

रक्तातील फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन किंवा यकृतातील लोह यांवरून हृदयातील साठ्याचा भरवसा धरता येत नाही. लोह बांधून शरीराबाहेर काढणाऱ्या औषधाने यकृत लवकर मोकळे होते, हृदय मात्र मागे राहते. म्हणून यकृत स्वच्छ झालेल्या रुग्णाचे हृदय अजून लोहाने भरलेले असू शकते. २००१ मध्ये लंडनमधील अभ्यासगटाने मांडलेली टी-२ स्टार ही चुंबकीय अनुस्पंदन मोजणी यासाठीच महत्त्वाची ठरली. लोहामुळे आसपासचे चुंबकीय क्षेत्र विषम होते आणि प्रतिमेतील संकेत लवकर विझतो. तो किती मिलिसेकंदांत विझतो, ते मोजतात. मोजणी हृदयाच्या खालच्या दोन कप्प्यांमधील, म्हणजे जवनिकांमधील, पडद्यावर करतात, कारण बाहेरच्या भिंतीजवळ फुप्फुसातील हवेमुळे आकडा खोटा कमी येतो. १.५ टेस्लाच्या यंत्रावर २० मिलिसेकंदांहून कमी आकडा म्हणजे लोहसंचय, आणि १० हून कमी म्हणजे हृदय निकामी होण्याचा मोठा धोका.

हा आकडा सरळ रेषेत वाचल्यास फसगत होते. कोरड्या ऊतीच्या दर ग्रॅममागे मिलिग्रॅममधील लोह पुढील सूत्राने काढतात, त्यात T2* म्हणजे मिलिसेकंदांतील तो आकडा:

`Fe = 45 × (T2*)^-1.22`

त्यानुसार ५ मिलिसेकंदांना सुमारे ६.३ आणि ८ ला ३.६ मिलिग्रॅम लोह येते. म्हणजे तीनच मिलिसेकंदांच्या वाढीत चाळीस टक्क्यांहून अधिक लोह गेले. १७ वरून २० वर जाताना मात्र जेमतेम अठरा टक्के जाते. हृदय निकामी होऊ लागलेल्या काही रुग्णांना वर्षभर शिरेतून अखंड डेफेरॉक्झामीन हे लोह बांधणारे औषध दिले, तेव्हा आकडा साधारण ५ वरून ८ वर आला आणि डाव्या जवनिकेचा उत्क्षेपणांश, म्हणजे दर ठोक्याला ती बाहेर टाकते त्या रक्ताचा वाटा, ५२ वरून ६३ टक्के झाला. साठा अजून गंभीर पातळीवर असतानाच हृदय सावरले होते. पेशीला इजा करते ते प्रामुख्याने मोकळे, क्रियाशील लोह. साठवलेले लोह तुलनेने निरुपद्रवी. औषध रक्तात सतत असले, तर ते मोकळे लोह लगेच बांधले जाते. त्यामुळे औषधात खंड पडणे हाच खरा धोका होय.

डेफेरिप्रोन या दुसऱ्या लोहबंधक औषधाचा लहान रेणू हृत्पेशीत सहज शिरतो. हृदयापुरते ते एकट्या डेफेरॉक्झामीनपेक्षा सरस दिसते आणि गंभीर संचयात दोन्ही एकत्र देतात. डेफेरिप्रोनने क्वचित श्वेतपेशी धोकादायक घटतात. म्हणून रक्ततपासणी नियमित करावी लागते आणि ताप येताच औषध थांबवून श्वेतपेशी मोजाव्या लागतात. डेफेरासिरॉक्स हे तिसरे लोहबंधक औषध दिवसातून एकदा तोंडाने घेतात.