पीएफ पोर्टलचं कुलूप: जुना मोबाईल, माहेरचं नाव आणि २०१४ पासूनची गोष्ट

रत्नागिरीकडे सध्या पन्नाशी-साठीतल्या बऱ्याच लोकांचा पीएफ अडकलाय आणि कारण विचारलं तर सगळे एकच सांगतात, मोबाईल नंबर बंद झाला म्हणून लॉगिन होत नाही. ते खरंय पण अर्धं. नुसता नंबर बदलला असता तर पोर्टलवर वाट आहे, नुसतं नाव चुकलं असतं तरी वाट आहे, दोन्ही एकदम झालं की मात्र माणूस बाहेरच राहतो. हे असं का झालं ते समजायला दहा-बारा वर्षं मागे जावं लागतं.

पीएफचा कायदा १९५२ चा, पेन्शनची आत्ताची योजना १९९५ ची. या सगळ्या काळात कामगाराचा आणि पीएफ ऑफिसचा थेट संबंध जवळजवळ नव्हताच, मधे कंपनीचा क्लार्क असायचा. मुंबईत कामाला असलेल्या चाकरमान्याचा नंबर MH/BAN असा काहीतरी सुरू व्हायचा, म्हणजे खातं वांद्र्याच्या ऑफिसचं, आणि कंपनी बदलली की नवा नंबर. फॉर्मवर नाव कोण लिहायचं तर क्लार्क, तेही ऐकून. कोणी आडनाव आधी लिहिलं, कोणी वडलांचं नाव गाळलं, कोणी इंग्रजी स्पेलिंग मनाने केलं. त्याने तेव्हा काही बिघडायचं नाही, कारण पैसे काढताना तोच क्लार्क सही करून सांगायचा की हा माणूस तोच आहे. ओळख कागदावर नव्हती, ओळखणाऱ्या माणसात होती, आणि माझ्या मते पुढचा सगळा घोळ इथून सुरू होतो, कारण तो ओळखणारा माणूस नंतर काढून टाकला आणि त्याने लिहिलेलं नाव मात्र तसंच ठेवलं.

ऑक्टोबर २०१४ मध्ये यूएएन आला, बारा आकडी नंबर, नोकरी कितीही बदलली तरी एकच. कल्पना खरोखर चांगली होती. पण जुन्या खात्यांना यूएएन लावताना जुनी नावं जशीच्या तशी उचलली गेली, आणि तो चालू करायला एक मोबाईल नंबर द्यायचा होता. आता २०१४ साली मिरजोळे एमआयडीसीत मासळीच्या कारखान्यात कोलंबी सोलणाऱ्या बाईकडे स्वतःचा मोबाईल असेलच असं नाही. घरात एक फोन, तो नवऱ्याकडे किंवा मुलाकडे. मग ठेकेदाराच्या मुकादमाने स्वतःचाच नंबर टाकला, कधी कधी पंधरा-वीस बायकांना मिळून एकच. तेव्हा कोणाला वाटलं नाही की हा नंबर म्हणजे पुढे खात्याची किल्ली होणार आहे, सगळ्यांना वाटलं मेसेज येण्यापुरता आहे.

ज्यांनी स्वतःचा नंबर दिला त्यांचंही धड झालं नाही, आणि इथे कोकणाचा एक वेगळा मुद्दा आहे. मोबाईल कंपन्यांच्या हिशोबात मुंबई हे एक सर्कल आणि उरलेला महाराष्ट्र गोव्यासकट दुसरं सर्कल. मुंबईत घेतलेलं कार्ड घेऊन माणूस गुहागरला किंवा राजापूरला परत आला की रोमिंग लागायचं, आणि नंबर तोच ठेवून सर्कल बदलायची सोय देशभर सुरू झाली ती जुलै २०१५ मध्ये. त्याआधी गावी आलेल्यांनी साधी गोष्ट केली, मुंबईचं कार्ड डब्यात टाकलं आणि इथलं नवीन घेतलं. त्यानंतर २०१७ च्या शेवटी रिलायन्स कम्युनिकेशन्सची मोबाईल सेवा बंद झाली, २०१८ च्या सुरुवातीला एअरसेल दिवाळखोरीत गेली, आणि २०१८ च्या शेवटी बाकीच्या कंपन्यांनी इनकमिंग चालू ठेवायला सुद्धा महिन्याचं रिचार्ज लावलं. घरातली जादा कार्डं तेव्हा भराभर मेली. आणि मेलेला नंबर काही काळाने कंपनी दुसऱ्या कोणाला देऊन टाकते, म्हणजे आज तुमच्या पीएफचा ओटीपी ज्याला काही गम्य नाही अशा परक्या माणसाला जात असू शकतो.

दुसरी बाजू आधारची. पहिलं आधार सप्टेंबर २०१० मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीला दिलं, मग आपल्याकडे शाळेत, ग्रामपंचायतीत कॅम्प लागले. ज्यांनी जन्मतारखेचा कागद नेला नाही त्यांचं नुसतं वर्ष घेतलं गेलं आणि तारीख आपोआप १ जानेवारी झाली. शाळेच्या दाखल्यावर मात्र आपल्या पिढीतल्या निम्म्या लोकांची तारीख १ जून, कारण शाळा जूनला सुरू होते म्हणून गुरुजींनी तीच घातलेली. आणि बायकांचं नाव आधारवर सासरचं, कंपनीत लागताना दिलेलं नाव माहेरचं किंवा उलट. म्हणजे एकाच बाईच्या दोन नोंदी, दोन्ही सरकारी, आणि एकमेकींना ओळखत नाहीत.

हे दोन्ही धागे २०१७ पासून एकत्र आले. त्या वर्षी पीएफ ऑनलाइन काढायची सोय झाली, १ ऑक्टोबर २०१७ पासूनचे नवीन यूएएन आधारशी नाव-तारीख जुळवून निघायला लागले. मग १ सप्टेंबर २०२१ पासून ज्याचा यूएएन आधारला जोडलेला नाही त्याचे पैसे मालकाला भरताच येईनात. तेव्हा काही ठेकेदारांनी सोपा मार्ग काढला, जुनं नाव दुरुस्त करत बसण्यापेक्षा आधारवरच्या नावाने नवाच यूएएन काढला. कामगाराला वाटलं काम झालं. जुन्या यूएएनमधली वर्षं आणि पैसे मागेच राहिले, आणि पेन्शनला दहा वर्षं सर्व्हिस लागते त्यामुळे ती मागची वर्षं काही किरकोळ गोष्ट नाही.

आता आमच्या शेजारच्या काकींची केस सांगतो कारण तिच्यात हे सगळं आहे. २००९ ते २०२० कोलंबीच्या कारखान्यात, ठेकेदारामार्फत. पीएफच्या नोंदीत नाव माहेरचं, जन्मतारीख १ जून १९६७, मोबाईल मुकादमाचा, आधार जोडलेलं नाही. आधारवर नाव सासरचं, तारीख १ जानेवारी १९६७, आणि आधारला जोडलेला मोबाईल मुलाचा जुना, तोही बंद. २०२५ ला अठ्ठावन्न पूर्ण, म्हणजे पेन्शनचा फॉर्म १०डी भरायचा होता.

पोर्टलवर Forgot Password केलं, यूएएन टाकला, तर स्क्रीनवर नंबराचे शेवटचे आकडे दिसले. काकी म्हणाल्या, हो नंबर माझो न्हवे. तिथे विचारतं की याच नंबरवर ओटीपी पाठवू का, तर No म्हटलं की दुसरा रस्ता उघडतो, नाव, जन्मतारीख, स्त्री-पुरुष हे विचारतं. सासरचं नाव टाकलं, नाही जुळलं. माहेरचं नाव आणि १ जून टाकलं, जुळलं. पुढच्या पायरीला आधार किंवा पॅन मागितलं आणि तिथे अडलं, कारण या यूएएनला ते जोडलेलंच नाही. आधार जोडायचं तर लॉगिन पाहिजे. लॉगिन पाहिजे तर आधार जोडलेलं पाहिजे. दोन खोल्यांच्या किल्ल्या एकमेकींच्या आत ठेवून दोन्ही दारं ओढून घ्यावीत तसं.

ही जागा नीट ओळखता यायला हवी, कारण त्यावर उपाय ठरतो. पहिल्याच पायरीला, म्हणजे नाव-तारखेला अडलं तर पीएफच्या नोंदीत काय लिहिलंय तेच तुम्हाला माहीत नाही, जुनी पीएफची स्लिप शोधा किंवा कंपनीकडून नोंद काढून घ्या. दुसऱ्या पायरीला अडलं तर आधार जोडलेलं नाही. आणि दोन्ही पार झालं तर नवीन मोबाईल तिथेच टाकता येतो, कुठे जायची गरज नाही.

काकींच्या बाबतीत कुठलं टोक आधी धरायचं हा प्रश्न होता. सायबरवाला म्हणत होता की पीएफमध्येच सगळं आधारसारखं करून टाकू. नाव ठीक, पण तारीख? शाळेचा दाखला १ जून सांगतो, मग खरी नोंद पीएफची आहे आणि चूक आधारची. शिवाय जानेवारी २०२४ पासून पीएफ ऑफिस जन्मतारखेचा पुरावा म्हणून आधार धरत नाही, एप्रिल २०२० पासून तीन वर्षांपर्यंतच्या फरकाला धरायचे ते तेव्हा बंद केलं. म्हणून आधी पोस्टमनकडून आधारचा मोबाईल बदलून घेतला, मग आधार केंद्रावर दाखला नेऊन तारीख १ जून करून घेतली. आधारवर जन्मतारीख साधारण एकदाच बदलून मिळते, त्यामुळे अंदाजाने बदलायची नाही.

मग नाव. त्याला जॉइंट डिक्लरेशन लागतं, म्हणजे कामगार आणि मालक दोघांच्या सहीचा अर्ज. ऑगस्ट २०२३ मध्ये याची ठरलेली पद्धत आली, छोट्या बदलाला दोन कागद, मोठ्याला तीन. लग्नाचा दाखला, आधार, शाळेचा दाखला असं जोडलं. अर्ज ठेकेदाराकडून जायला हवा होता कारण पीएफचा कोड त्याचा, कारखान्याचा नाही, आणि हे खूप जण चुकतात, कारखान्याच्या गेटवर हेलपाटे घालतात. पगाराच्या स्लिपवर ज्याचा कोड आहे तोच मालक. ठेकेदार धंदा बंद करून बसला असता तर मालकाच्या सहीऐवजी सरपंच, पोस्टमास्तर, बँक मॅनेजर अशांपैकी कोणाची तरी साक्षांकित सही घेऊन थेट पीएफ ऑफिसला जावं लागलं असतं.

नाव बदललं, ठेकेदाराच्या लॉगिनवरून आधार जोडलं गेलं, आणि मग तोच Forgot Password चा रस्ता पुन्हा धरल्यावर दोन्ही पायऱ्या पार झाल्या. नवीन मोबाईल टाकायच्या वेळी सायबरवाला सवयीने स्वतःचा नंबर टाकायला लागला होता, तो थांबवला. मुकादमाने २०१४ ला जे केलं तेच परत झालं असतं.

जानेवारी २०२५ पासून नाव, जन्मतारीख, लग्नाची नोंद असे बदल कामगाराला स्वतःच करता येतात, मालकाची सही नको, पीएफ ऑफिसची मंजुरी नको. फार मोठी सोय आहे आणि मनापासून चांगली वाटते. पण ती १ ऑक्टोबर २०१७ नंतर मिळालेल्या यूएएनला, जे मुळातच आधारशी जुळवून निघालेत. त्याआधीच्या यूएएनला मालकामार्फतच जावं लागतं, आणि आधार जोडलेलंच नसेल तर कागदावरचा अर्ज. मुंबईतून परत आलेले, मासळीत आणि काजूत राबलेले, ज्यांची नावं क्लार्कने ऐकून लिहिली, त्यांच्यातल्या बहुतेकांचे यूएएन त्या तारखेच्या अलीकडचे नाहीत, पलीकडचे आहेत.